सुपरवायझरला फोन कुणी करायचा?

प्रश्न: मॅडम, माझं वय ३३. खानापूर तालुक्यात राहतो. हे उद्यमबागला मशीन शॉपमध्ये कामाला आहेत. दीड-दोन वर्षं झाली, यांचा मूड कधी कसा असेल सांगता येत नाही. आठ-आठ दिवस बोलत नाहीत, सकाळी उठत नाहीत, मध्येच एकदम चिडतात, मग चार दिवस चांगले असतात. सुपरवायझरला फोन मीच करतो. सासूबाईंना ‘यांना पित्त झालंय’ म्हणून सांगतो. माझं शिवणकाम बंद पडलंय, माहेरी जाऊन वर्ष झालं. मी नसलो तर यांचं काय होईल ही भीती, आणि मी किती दिवस असं करणार हेही कळत नाही. काय करू ओ?

उत्तर:

ताई, सकाळच्या फोनापासून सुरू करू, कारण बाकीचं बरंचसं त्यातच गुंतलेलं आहे.

कामाच्या पाळीची वेळ होत आलेली असते. ते डोक्यावर पांघरूण घेऊन पडलेले. तुम्ही दोनदा हाक मारता, चहा नेऊन ठेवता, चहावर साय धरते. मग ओसरीत येऊन हळू आवाजात फोन लावता, ‘काल रात्रीपासून ताप आहे हो यांना.’ पलीकडून ‘बरं’ येतं आणि पाच मिनिटांत दोघांनाही हायसं वाटतं. त्यांची कामावर जायची धास्ती टळते, तुमची नोकरी सुटण्याची धास्ती टळते. गोम या हायसं वाटण्यातच आहे. जे केल्यानं लगेच सुटका होते ते आपण पुन्हा करतो, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशीचं उठणं थोडं जास्त जड होत जातं. आता त्यात कालच्या खोट्याची लाजही मिसळलेली असते. नैराश्यात माणूस जितकं टाळतो तितका तो आत जातो. तुम्ही त्यांना सांभाळताय हे खरंच आहे, पण त्याबरोबर त्यांचं टाळणंही सांभाळलं जातंय.

याचा अर्थ ते नाटक करतात असा नाही. नैराश्य असलेल्या बऱ्याच जणांना पहाटे तीन-चारला जाग येते, सकाळी अंगावर दगड ठेवल्यासारखं वाटतं आणि संध्याकाळकडे जरा मोकळं होतं. ‘संध्याकाळी तर बरा असतो, मग सकाळीच कसं होतं याला?’ असं घरात कुणीतरी म्हणणारच. हा त्या आजाराचाच स्वभाव आहे. म्हणून सकाळी सहाला कुठलाही निर्णय करायला जाऊ नका. तो आदल्या संध्याकाळी करायचा.

एखाद्या बऱ्या संध्याकाळी, सासूबाई टीव्हीसमोर असताना, शेजारी बसून सांगा की यापुढे फोन मी करणार नाही, निरोप तुम्ही द्यायचा. निरोप त्यांच्याच मोबाईलमध्ये आधी लिहून ठेवा: ‘आज तब्येत बरी नाही, येऊ शकत नाही. उद्याचं संध्याकाळी कळवतो.’ यात ताप नाही, पित्त नाही, म्हणजे खोटंही नाही. सकाळी त्यांनी फक्त पाठवायचं बटण दाबायचं. तेवढं बहुतेकांना जमतं. तुम्ही एकदाच हाक मारायची, ‘सहा वाजले,’ आणि आपल्या कामाला लागायचं. पहिले काही दिवस निरोप जाणारही नाही, सुपरवायझरचा फोन तुम्हाला येईल. तेव्हा ‘त्यांनाच विचारा’ एवढंच म्हणा. हात थरथरतील. थरथरू द्या.

नोकरीची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण एक गोष्ट बघा. त्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल, तर आजारपणाच्या रजेत ठरावीक अटींवर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. फोनवरच्या तापाला दाखला नसतो. म्हणजे आजार लपवून तुम्ही ज्या नोकरीला जपताय, तिच्याच हक्काची रजा हातची जाते. मानसिक आजार हाही आजारच, दाखला त्याचाही मिळतो.

आता हे नेमकं काय आहे ते. मूड वरखाली होतो म्हटलं की लोक चटकन ‘बायपोलर’ म्हणून मोकळे होतात. बायपोलरमध्ये नैराश्याबरोबर अतिउत्साहाचेही सलग दिवस येतात. सकाळी चिडले आणि दुपारी हसले, हे बायपोलर नव्हे. नैराश्यात पुरुषांचं दुःख बऱ्याचदा चिडचिडीतून बाहेर पडतं, आणि घरच्यांना तेवढीच दिसते. मला तुमच्या पत्रातले ते ‘चांगले चार दिवस’ नीट बघावेसे वाटतात. त्या दिवसांत ते नेहमीसारखेच असतात, की तीन-चार तास झोपूनही दमत नाहीत, अखंड बोलतात, भलते बेत आखतात, उसने घेऊन खर्च करतात? असं सलग चार दिवस किंवा जास्त होत असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. नाहीतर नुसत्या नैराश्याची गोळी सुरू होते आणि काही जणांत ती माणसाला उलट्या टोकाला नेते. रुग्ण स्वतः हे सांगत नाही, कारण ते दिवस त्याला आजाराचे वाटतच नाहीत.

म्हणून एक कॅलेंडर घ्या, भिंतीवरचंच. सहा आठवडे रोज रात्री तीन गोष्टी टिपा: किती तास झोपले, कामावर गेले का, आणि आजचा मूड शून्य ते दहात किती. हा आकडा त्यांनी स्वतः सांगायचा. घेत असतील तर दारूही टिपा, कारण रात्रीच्या ‘थोडीशी’नं पहाटेची झोप मोडते आणि पुढचा दिवस पडतो. पण दाखवायला सहा आठवडे थांबू नका. उदासी किंवा कशातच मन न लागणं दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसभर राहिलं की डॉक्टरकडे जायला तेवढं पुरे. थायरॉईड, रक्तातलं हिमोग्लोबिन, बी-बारा यांचीही तपासणी होऊन जाऊ दे.

तुमचा खरा प्रश्न ‘मी किती दिवस’ हा आहे, त्याकडे येते.

वडगावचं एक जोडपं माझ्याकडे येत असे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. तिथं उलटं होतं. बायको दीड वर्ष नैराश्यात, आणि मागावर काम करणारा नवरा तिला सांभाळणारा. औषधं सुरू होती, निम्मा फरक होता. तो आला स्वतःची झोप उडाली म्हणून. मी त्याला कॅलेंडरच्या पानामागे, सोमवार ते रविवार तिच्यासाठी काय काय करतो ते लिहून आणायला सांगितलं. एकोणीस गोष्टी निघाल्या. मग एकेक वाचत मी एकच विचारत गेले: हे तुम्ही केलं नाही, तर चोवीस तासांत काय होईल?

दोनच गोष्टींना ‘जिवाला धोका’ हे उत्तर आलं. गोळ्यांच्या पट्ट्या कुलपात ठेवणं, आणि ती जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलली की रात्री तिला एकटं न सोडणं. सात गोष्टी अशा होत्या की कुणीतरी करायला हव्यात, पण त्यानंच असं नाही: स्वयंपाक, मुलांची शाळा, दवाखान्यात सोबत. उरलेल्या दहांवर तो बराच वेळ गप्प बसला. तिच्या बहिणीचा फोन उचलून ‘झोपलीय ओ’ सांगणं. डॉक्टरनं विचारलेल्याची उत्तरं तिच्याऐवजी देणं. दिवसात वीस वेळा ‘बरं वाटतंय का?’ विचारणं. शेवटी म्हणाला, ‘मॅडम, हे न केलं तर तिला काय होत नाही ओ. मला होतं.’

त्या दहांतली एकेक गोष्ट आम्ही आठवड्याला एक या हिशेबानं काढत गेलो. पहिल्या आठवड्यात बहिणीचा फोन. तो वाजला तरी त्यानं उचलायचा नाही. पाच दिवस तो नुसता वाजला, सहाव्या दिवशी तिनं उचलला, दोन मिनिटं बोलली. दुसऱ्या आठवड्यात ‘बरं वाटतंय का’ बंद, त्याऐवजी सकाळ-रात्र एकदा आकडा विचारायचा. सारखं विचारल्यानं माणूस स्वतःच्या मनाकडे सारखं बघत बसतो, आणि ‘बरं आहे’ ऐकूनही विचारणाऱ्याचं समाधान दहा मिनिटांवर टिकत नाही. याच आठवड्यात सकाळचा चहा तिच्याकडे दिला. स्वयंपाक नाही, नुसता चहा. एवढं छोटं काम कशाला, असं त्याला वाटलं होतं. पण खचलेल्या माणसाला सकाळी उठायला एक ठरलेलं, पुरं होणारं काम लागतं. पूर्ण स्वयंपाक दिला असता तर अर्ध्यात सोडून ती परत पलंगावर गेली असती, आणि वर अपयशाचं ओझं.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा गुरुवार. भजनी मंडळात तो पखवाज वाजवायचा, वर्षभर गेलेला नव्हता. निघताना ती रडली, ‘तुम्हाला मी नको झालो.’ तो दारातून परत फिरला. असं होणार हे मला ठाऊक होतं, फक्त त्याला आधी सांगायचं मी विसरले, ती माझी चूक. दुसऱ्या गुरुवारसाठी वाक्य ठरवूनच ठेवलं: ‘साडेनऊला येतो. तोवर फोनवर तुझी बहीण आहे. आल्यावर दहा मिनिटं बसू.’ समजावणं नाही, चिडणं नाही, ‘मलापण आयुष्य आहे’ असलं भाषण तर मुळीच नाही. त्या रात्री तिचे अकरा मिस्ड कॉल आले. त्यानं उचलले नाहीत, आणि साडेनऊला म्हणजे साडेनऊलाच घरी आला. पुढच्या गुरुवारी चार आले.

हे कठोर वाटतं. पण अकरावा कॉल उचलला असता तर तिच्या मनानं एवढंच शिकलं असतं की अकरा वेळा करावा लागतो. उलट ठरलेल्या वेळी परतणं, एकदाही न चुकता, हे तिला धीर देणारं होतं. याला एक अपवाद आम्ही आधीच ठरवला होता. जीव द्यावासा वाटतोय असं बहिणीला कळलं, तर बहीण त्याला फोन करणार आणि तो पखवाज ठेवून निघणार.

चार महिन्यांनी ती पूर्ण बरी झाली असं नाही. मध्ये डॉक्टरांनी गोळीही बदलली होती, त्यामुळे कशानं किती फरक पडला ते वेगळं काढता येणार नाही. वाईट आठवडे येत होते. पण त्या आठवड्यांतही चहा ती करत होती आणि तो गुरुवारी जात होता.

तुमच्या घरी तो पान उलटून लिहायचा प्रकार तुम्ही स्वतः करा. फोन आणि पित्ताची सबब या दोन्ही मला तिसऱ्या ढिगात, म्हणजे न केलं तरी चालेल अशा गोष्टींत, दिसतात. सासूबाईंना सगळं सांगायचं की नाही, हे मात्र तुमच्या यजमानांशी बोलून ठरवा, आजार त्यांचा आहे. त्यांना विचारा, ‘अजून एका माणसाला कळलं पाहिजे, ते कोण?’ भाऊ असेल, वर्गमित्र असेल, कामावरचा जोडीदार असेल. एक तरी नाव घ्याच. घरात एकालाच माहीत असलेला आजार सगळा त्या एकाच्याच अंगावर येतो. ‘कुणालाच नको’ म्हणाले तर, ‘मग मला एकटीला झेपत नाही, आठ दिवसांत तुम्ही नाव सांगा, नाहीतर मी माझ्या भावाला सांगणार,’ हे म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि आठ दिवसांनी ते करायचंही.

दवाखान्याबद्दल आपल्या भागातली एक वेगळीच अडचण सांगते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर किंवा नर्स कधी कधी विजापूर-कलबुर्गीकडच्या असतात, बोलणं कन्नडमधून होतं, कागदही कन्नडमध्ये. मग ज्याला कन्नड बरं येतं तो बोलतो, आणि नकळत नवऱ्याच्या मनाचा दुभाषी बायको होऊन बसते. तुमचे यजमान उद्यमबागला काम करतात, व्यवहारापुरतं कन्नड त्यांना येत असेलच. पण ‘आतून पोकळ वाटतंय’ हे माणूस आपल्याच भाषेत सांगतो. म्हणून आधीच विचारा, मराठी समजणारं कोण आहे. बेळगावात असे डॉक्टर आणि समुपदेशक सहज मिळतात. आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं त्यांना एकट्याला बोलू द्या, मग कॅलेंडर घेऊन तुम्ही जा आणि जे त्यांनी सांगितलं नसेल तेवढंच सांगा. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ योजनेखाली तालुका दवाखान्यांत ठरावीक मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी भरवली जाते, खानापुरात कुठल्या मंगळवारी ते फोन करून विचारा. गुंतागुंत असेल तर धारवाडची डिमहान्स ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास. भाषा निवडताना मराठी निवडता येते. तो रुग्णासाठी आहे तसा तुमच्यासाठीही आहे.

औषध सुरू झालं तर धीर धरा. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, नीट बसायला सहा-आठ. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा होतो आणि ‘गोळीनंच बिघडलं’ म्हणून लोक सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा-नऊ महिने चालू ठेवतात, एकदम बंद करत नाहीत. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी आणा, त्यांनीच भरायची, त्यांनीच घ्यायची, तुम्ही रात्री एकदा कप्पा रिकामा आहे का तेवढं बघायचं. मरणाचं बोलणं असेल तर मात्र हा नियम नाही, गोळ्या तुमच्या ताब्यात.

त्या बोलण्याबद्दल. ‘मी नसलेलंच बरं’ असं ते कधी म्हणाले असतील तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का? कसा ते ठरवलंय का?’ विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. शेती असेल तर औषध फवारणीचे डबे त्याच दिवशी घरातून हलवा, भावकीत कुणाच्या तरी कुलपात ठेवा. हे गुपित राखायचं वचन देऊ नका. त्या रात्री एकटं सोडायचं नाही, दुसऱ्या माणसाला बोलवायचं, १४४१६ किंवा ११२ ला फोन. मी वर सांगितलेले सगळे नियम अशा वेळी बाजूला.

चिडण्याचं थोडक्यात. आवाज चढला की त्या क्षणी मुद्दा पटवायला जाऊ नका. ‘आत्ता नको, वीस मिनिटांनी बोलू’ म्हणून खोलीबाहेर या, आणि वीस मिनिटांनी खरंच परत जा. न परतता गायब झालात तर पुढच्या वेळी ते दार अडवतील. पण हात उगारला, वस्तू फेकल्या, तर तो मूड नव्हे. आजारी माणूसही कामावर साहेबावर हात टाकत नाही, हे लक्षात ठेवा. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाईन आहे.

तुमचं काय. नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पीएचक्यू-नऊ. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, एकूण गुण २७. यजमानांसाठी ती भरून घेतील तेव्हा एक कागद स्वतःसाठीही मागून घ्या. दहा किंवा वर आले तर तुम्हालाही तपासणी हवी. मी ही चाळणी सांभाळणाऱ्यांना मुद्दाम लावते, कारण ते ‘मला काय झालंय’ म्हणत येतात आणि कधी कधी त्यांचे गुण रुग्णापेक्षा जास्त निघतात.

आणि शिलाई मशीन. संसार सोडून काहीतरी छंद हवा म्हणून नाही, तर घरात त्यांच्या मूडवर न चालणारी एक तरी गोष्ट हवी म्हणून. सोमवार-बुधवार-शुक्रवार, आठ ते दहा, दार उघडं, मशीन सुरू. ते झोपले असले तरी, बोलत नसले तरी. ब्लाऊजच्या ऑर्डरी आधी दोनच घ्या, तारीख लांबची द्या. माहेरी एकदम आठ दिवस नको, पहिल्या खेपेला सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत या. जाण्याची तारीख त्यांना चार दिवस आधी सांगा आणि त्या दिवशी त्यांनी नाव घेतलेल्या माणसाला दुपारी एक फोन करायला सांगून ठेवा. तारखेच्या सकाळी त्यांचा आकडा दोन असला तरी जा. कालपर्यंत दोन असणारा माणूस तुम्ही घरी बसल्यानं आठ झालेला नाही, हे तुमच्या कॅलेंडरवर तोवर दिसलेलं असेल.